एलजीएसएफ भिंतीत ग्लासवूल भरलेले असताना बाहेरून सलग बोर्ड खरोखर लागतो का?

शाहूपुरीकर

सर्वांना नमस्कार. आमचे शाहूपुरीतील घर जुने, भारवाही विटांच्या भिंतींचे आहे. त्यावर आणखी एक मजला हवा आहे. विटांच्या मजल्याचे वजन जुना पाया पेलणार नाही असे स्ट्रक्चरल इंजिनिअरांनी स्पष्ट सांगितल्यामुळे हलक्या पत्र्याच्या स्टील फ्रेमचा, म्हणजे एलजीएसएफचा, पर्याय ठरला आहे. स्टड, म्हणजे फ्रेमचे उभे खांब, 90 मिमी खोलीचे, सुमारे 1 मिमी जाडीच्या गॅल्व्हनाइज्ड पत्र्याचे आणि 600 मिमी अंतरावर आहेत. आतून जिप्सम बोर्ड, बाहेरून सिमेंट बोर्ड आणि मधल्या पोकळीत 90 मिमी ग्लासवूल असा बेत आहे.

वास्तुविशारदांनी नकाशात सिमेंट बोर्डाच्या आत, स्टडच्या बाहेरच्या बाजूने 50 मिमीचा सलग उष्णतारोधक बोर्ड दाखवला आहे. फॅब्रिकेटरचे म्हणणे असे की पोकळी पूर्ण भरलेली असताना हा दुहेरी खर्च कशासाठी, त्यापेक्षा हवे तर स्टड 140 मिमीचे घेऊ आणि त्यात जास्त ग्लासवूल भरू. पश्चिमेची भिंत 6 मीटर लांब आणि 3 मीटर उंच आहे, आणि एप्रिलमध्ये दुपारी दोनपासून सूर्यास्तापर्यंत तिच्यावर थेट ऊन असते. दोघांपैकी कोणाचे ऐकावे?

पंचगंगाकाठ

शाहूपुरीकर, माझ्या मते फॅब्रिकेटरचे बरोबर आहे. उष्णता अडवते ती ग्लासवूल, आणि तिची जाडी 90 वरून 140 केली की अडवण्याची क्षमता दीडपटीहून अधिक वाढते. शिवाय 48 किलो घनतेची ग्लासवूल घ्या, 24 किलोची नको. स्टड भिंतीच्या क्षेत्रफळाच्या मानाने इतके बारीक असतात की त्यांचा हिशोब धरण्याचे कारण नाही. खरे तर एएसी ब्लॉक चालले असते तर हा सगळा प्रश्नच आला नसता.

जुना_वाडा

आमच्याकडेही हाच त्रास आहे. गच्चीवर पत्र्याची शेड टाकली आहे, दुपारी तिच्याखाली उभे राहवत नाही. या पत्र्याला बाहेरून असा बोर्ड लावता येतो का? की पांढरा रंग पुरेसा आहे?

उष्मागणित

जुना_वाडा, आपला प्रश्न छताचा आहे आणि त्याचे गणित वेगळे आहे, कारण छताला ऊन जवळजवळ दिवसभर आणि वरून मिळते. कृपया त्यासाठी वेगळा धागा काढा, मी तिथे नक्की लिहीन. मुळची कोल्हापूरची असले तरी सध्या पुण्यात इमारतींच्या ऊर्जावापराच्या कामात आहे, म्हणून इथे थोडे सविस्तर लिहिते.

पंचगंगाकाठ यांनी मांडलेला मुद्दा फार जण मांडतात, म्हणून आधी त्याकडे पाहू. स्टडचा उभा पत्रा 1 मिमी जाड आणि दोन स्टडमधले अंतर 600 मिमी, म्हणजे भिंतीचा सहाशेवा भाग स्टीलचा आहे. एवढ्यावर विचार थांबवला तर स्टील नगण्यच वाटेल. पण स्टीलची उष्णतावाहकता सुमारे 50 आहे आणि ग्लासवूलची सुमारे 0.04, म्हणजे स्टील साडेबाराशे पटींनी अधिक उष्णता वाहून नेते. साडेबाराशेला सहाशेने भागा. त्या एका पत्र्यातून जाऊ शकणारी उष्णता शेजारच्या संपूर्ण 600 मिमी ग्लासवूलमधून जाणाऱ्या उष्णतेच्या दुप्पट निघते. क्षेत्रफळाने किरकोळ असलेला भाग उष्णतेच्या दृष्टीने भिंतीचा मोठा वाटेकरी होतो तो असा.

प्रत्यक्षात परिस्थिती इतकी वाईट नसते. बाहेरच्या बोर्डावर पडलेली उष्णता स्टडच्या 40-45 मिमी रुंद फ्लॅंजपर्यंत, म्हणजे बोर्डाला टेकलेल्या पट्टीपर्यंत, बोर्डातूनच आडवी सरकत यावी लागते, आणि आत पोहोचल्यावर जिप्सम बोर्डात पुन्हा तशीच आडवी पसरावी लागते. या अरुंद वाटेमुळे थोडा अडथळा होतो. अमेरिकेतील ॲश्रे 90.1 या मानकात यासाठी तयार गुणक आहेत. सुमारे 90 मिमीचे स्टड 600 मिमी अंतरावर असतील तर पोकळीतल्या ग्लासवूलच्या आर मूल्यापैकी, म्हणजे उष्णता अडवण्याच्या क्षमतेपैकी, साधारण 55 टक्केच हाती लागते. अंतर 400 मिमी केले तर 46 टक्के. आणि सुमारे 140-150 मिमी खोलीचे स्टड 600 मिमी अंतरावर घेतले तर तो आकडा 45 टक्क्यांवर घसरतो. स्टड जितका खोल, तितका त्यातील ग्लासवूलचा अधिक हिस्सा वाया जातो, हे फॅब्रिकेटरच्या सूचनेतले मुख्य वैगुण्य आहे.

आता आपल्याच भिंतीवर हे लावून पाहू. 90 मिमी ग्लासवूलचे आर मूल्य 2.25 धरते. दोन्ही बोर्ड आणि आतल्या-बाहेरच्या हवेचे थर मिळून 0.30 होते. स्टड नाहीतच असे समजले तर यू मूल्य, म्हणजे भिंतीतून किती उष्णता जाते त्याचे माप, 0.39 येते, आणि विक्रेत्यांच्या पत्रकात बहुतेक वेळा हाच आकडा असतो. स्टड धरले की 2.25 चे 1.24 राहतात आणि यू मूल्य 0.65 होते. स्टड 140 मिमीचे करून पूर्ण भरले तर 3.5 चे जेमतेम 1.58 उरतात, यू मूल्य 0.53. त्याऐवजी 90 मिमीचेच स्टड ठेवून बाहेरून 50 मिमी थर्माकोलचा दाट बोर्ड सलग लावला तर त्याचे आर मूल्य 1.39, तेही जवळजवळ पूर्णपणे उपयोगी, कारण त्याला छेदून जाणारा स्टड नाही. यू मूल्य 0.34.

म्हणजे तीच 50 मिमी जाडी आत वाढवली तर 0.53 आणि बाहेर लावली तर 0.34. बाहेर नुसता 25 मिमी बोर्ड लावला तरी यू मूल्य 0.45 येते, म्हणजे फॅब्रिकेटरच्या 140 मिमी भिंतीपेक्षा चांगले. मला या हिशोबातला सर्वांत बोलका आकडा वेगळाच वाटतो: पोकळीत काहीही न भरता, फक्त बाहेरून 50 मिमी बोर्ड लावला तर यू मूल्य साधारण 0.54 येते. संपूर्ण भरलेली 140 मिमीची भिंत आणि रिकाम्या पोकळीवर बाहेरून 50 मिमी बोर्ड, या दोन्ही उष्णतेच्या दृष्टीने जवळजवळ सारख्याच आहेत.

घनतेबद्दल एक वाक्य. 24 वरून 48 किलोवर गेल्यास ग्लासवूलची वाहकता किंचित सुधारते, पण स्टडमधून जाणाऱ्या उष्णतेला त्याने काहीच फरक पडत नाही. दाट ग्लासवूलचा खरा उपयोग आवाज अडवण्यासाठी आणि ती पोकळीत खाली बसू नये यासाठी आहे.

शाहूपुरीकर

ताई, इतक्या सविस्तर उत्तराबद्दल आभारी आहे. याचा प्रत्यक्ष घरात काय फरक पडेल? एसी लहान घेता येईल का?

उष्मागणित

प्रामाणिक उत्तर असे की एका भिंतीने एसीचे टनेज बदलणार नाही. पश्चिमेच्या भिंतीचा पृष्ठभाग उन्हाने 55 अंशांपर्यंत तापला आणि आत 28 अंश ठेवायचे असे समजू, म्हणजे फरक 27 अंशांचा. 18 चौरस मीटर भिंतीतून 0.65 च्या यू मूल्याने सुमारे 315 वॅट उष्णता आत येईल, आणि 0.34 ने सुमारे 165 वॅट. वाचतात ते 150 वॅट. एक टनाचा एसी साडेतीन हजार वॅट उष्णता बाहेर काढतो, हे लक्षात घेतले तर फरक छोटा आहे. त्याच भिंतीत बिनसावलीची, साध्या काचेची दीड-दोन चौरस मीटरची खिडकी असेल तर दुपारी एकट्या खिडकीतून याच्या कित्येक पट उष्णता येईल. म्हणून आधी पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून सावली द्या, त्यानंतर बोर्डाचा विचार करा.

तरीही बोर्ड लावा असेच मी म्हणेन. फायदा वॅटच्या आकड्यात छोटा दिसतो, पण चारही भिंतींवर आणि उन्हाळाभर तो साचत जातो. दुसरे असे की स्टडच्या रेषांवर आतला जिप्सम बोर्ड बाकीच्या भिंतीपेक्षा गरम राहतो आणि भिंतीला पाठ करून बसणाऱ्याला ते जाणवते.

शिरोलीचा_फौंड्रीवाला

ताईंनी सांगितलेल्या त्या गरम रेषा मी स्वतः मोजल्या आहेत, म्हणून लिहितो. आमच्या शिरोलीच्या कारखान्याच्या आवारात ऑफिससाठी स्टील फ्रेमची केबिन केली आहे. आतून जिप्सम बोर्ड, पोकळीत ग्लासवूल, बाहेरून सिमेंट बोर्ड, बाहेरचा सलग थर नाही. मागच्या मे महिन्यात संध्याकाळी पाचच्या सुमारास पश्चिमेच्या भिंतीवर हाताने फिरवायची इन्फ्रारेड तापमापक बंदूक घेऊन उभा राहिलो. (आमचा वितळलेल्या लोखंडाचा पायरोमीटर इथे निरुपयोगी, कारण तो इतके कमी तापमान दाखवतच नाही, मी साध्या दुकानात मिळणाऱ्या बंदुकीबद्दल बोलतो आहे.)

भिंतीपासून एक वीत अंतर ठेवून, कमरेच्या उंचीवर, आडवी रेघ मारल्यासारखी बंदूक हळूहळू सरकवत गेलो. आकडा एका ठिकाणी चढायचा, दोन-अडीच अंशांनी वर जायचा, मग उतरायचा, आणि साधारण 600 मिमीवर पुन्हा चढायचा. चढलेल्या जागी चुंबक लावून पाहिला तर तो बरोबर स्क्रूच्या डोक्यांवर चिकटायचा. दाराच्या चौकटीच्या दोन्ही बाजूंना आणि कोपऱ्यात मात्र आकडा उतरायचाच नाही, संपूर्ण पट्टाच गरम होता.

एक काळजी घ्यावी. बंदूक लांबून धरली तर ती मोठ्या वर्तुळाची सरासरी दाखवते आणि स्टडची रेषा त्यात विरून जाते. बऱ्याच बंदुकींवर 12:1 असे लिहिलेले असते. म्हणजे 30 सेंटीमीटरवरून ती सुमारे अडीच सेंटीमीटरचे वर्तुळ पाहते, म्हणून जवळून धरणे गरजेचे आहे. चकचकीत पृष्ठभागावर ती चुकीचे आकडे देते, रंग दिलेल्या जिप्सम बोर्डावर ठीक चालते.

उष्मागणित

आपले मोजमाप फार उपयोगाचे आहे. कोपऱ्यात आणि चौकटीपाशी पट्टा गरम दिसण्याचे कारण असे की तिथे दोन-तीन स्टड एकत्र जोडलेले असतात. वर दिलेले 55 टक्के हे साध्या, एकसारख्या अंतरावरच्या स्टडसाठी आहेत. खिडक्या, दारे, वरचे लिंटेल आणि कोपरे मिळून प्रत्यक्ष भिंत त्याहून वाईट वागते.

रुईकर_कॉलनी

मी दोन्ही बाजूंनी चमकणारा, बुडबुड्यांचा फॉइल आणला आहे. विक्रेत्याने सांगितले की 4 मिमीचा हा फॉइल 50 मिमी थर्माकोलइतके काम करतो. तो स्टडवर ताणून मग सिमेंट बोर्ड मारला तर बाहेरच्या बोर्डाची गरज उरणार नाही, बरोबर ना? शिवाय तो स्टडवरून सलग जातोच.

उष्मागणित

यात निम्मे बरोबर आहे आणि निम्मे नाही. फॉइलचा चकचकीत पृष्ठभाग हवेच्या पोकळीकडे तोंड करून असेल तरच तो उष्णतेचे प्रारण अडवतो. सुमारे 20-25 मिमीची, स्वच्छ आणि बंद हवेची पोकळी आणि एका बाजूला फॉइल मिळून आर मूल्य 0.5 च्या आसपास येऊ शकते. ते 50 मिमी थर्माकोलच्या 1.39 च्या जवळपासही नाही, पण शून्यही नाही. आपण सांगता तसा फॉइल स्टड आणि सिमेंट बोर्डाच्या मध्ये दाबला तर पोकळीच उरत नाही. मग तो निव्वळ 4 मिमी बुडबुड्यांचा थर राहतो, आणि फ्लॅंजवर तर स्क्रूने दाबून तेही चपटे होतात. धातूचा फॉइल धातूच्या फ्लॅंजला टेकला की उष्णतेला पुढे जायला काहीच अडत नाही. आपण आणलाच आहे तर बाहेरच्या आच्छादनामागच्या हवेच्या पोकळीत वापरा, पण कालांतराने त्यावर धूळ बसली की त्याचा गुण कमी होतो, हेही लक्षात असू द्या.

पंचगंगाकाठ

ताई, आकडे पटले. पण एक गोष्ट अजूनही माझ्या बाजूने आहे असे वाटते. विटांची किंवा एएसीची भिंत दिवसभराची उष्णता पोटात घेते आणि संध्याकाळी सोडते. कोल्हापुरात उन्हाळ्यातही रात्री हवा बऱ्यापैकी उतरते. ही फ्रेमची भिंत दुपारी तीनलाच तापून मोकळी होणार. बोर्ड लावून हा दोष जाईल का?

उष्मागणित

नाही, हा दोष बोर्डाने जाणार नाही, आणि आपला आक्षेप योग्य आहे. हलक्या भिंतीत उष्णता साठवून ठेवायला वस्तुमानच नाही. बोर्ड फक्त आत येणाऱ्या उष्णतेचे प्रमाण कमी करतो. प्लास्टरसह 230 मिमी विटांच्या भिंतीचे यू मूल्य 2 च्या आसपास असते, म्हणजे या फ्रेमच्या भिंतीपेक्षा कितीतरी वाईट, तरीही दिवसा एसी न लावणाऱ्या माणसाला ती बरी वाटू शकते, याचे कारण हेच आहे. शाहूपुरीकरांकडे वजनामुळे पर्याय नाही. त्यांच्याकडे खालच्या मजल्याचा स्लॅब आहे, त्यावर फरशी उघडी ठेवली आणि रात्री खिडक्या उघडून हवा खेळवली तर थोडे वस्तुमान उपयोगाला येईल.

फ्रेमवाला_उद्यमनगर

मी याच व्यवसायात आहे, म्हणून आमचीही बाजू सांगतो. फॅब्रिकेटर बाहेरच्या बोर्डाला नाही म्हणतात ते केवळ आळसाने नव्हे. सिमेंट बोर्ड थेट स्टडवर 25 मिमीच्या स्क्रूने बसतो. मध्ये 50 मिमीचा मऊ थर आला की 75 ते 100 मिमीचे सेल्फ-ड्रिलिंग स्क्रू लागतात, कामगाराला स्टडची रेषा दिसत नाही, आणि स्क्रू हुकला की बोर्डाला नुसते भोक पडते. स्टडची रेषा आधी बोर्डावर दोरीने मारून घेतली तरच काम नीट होते. स्क्रूचे टोक पत्र्याच्या पलीकडे किमान तीन आटे बाहेर आले आहे की नाही हे आतून जिप्सम बोर्ड लावण्याआधी डोळ्यांनी पाहता येते, तेव्हाच पाहून घ्यावे.

सोपा उपाय म्हणून अनेक ठिकाणी स्टडवर 50 मिमी उंचीचे झेड सेक्शन उभे मारतात, त्यांच्यामध्ये बोर्डाच्या पट्ट्या बसवतात आणि आच्छादन झेडवर मारतात. काम पटकन होते, भिंत घट्ट राहते. मी स्वतः असे केले आहे. शाहूपुरीकर, आपण असेच करून घ्यावे असे मला वाटते.

उष्मागणित

साहेब, कृपया हा सल्ला मागे घ्यावा अशी विनंती करते. झेड सेक्शन म्हणजे बाहेरच्या थराला आरपार छेदणारा नवा स्टडच होय, आणि तो खालच्या स्टडला धातूने धातू टेकलेला असतो. ज्या कारणासाठी बोर्ड बाहेर लावायचा तेच कारण तिथे संपते. अशा सलग झेडमुळे बाहेरच्या थराचा निम्म्याच्या आसपास फायदा जाऊ शकतो. पत्रकात मात्र पूर्ण 50 मिमी दाखवलेले असतात.

त्याऐवजी बोर्ड सलग ठेवा, आणि स्टडच्या रेषेवर बोर्डाच्या बाहेरून टोपीच्या आकाराचे टॉप हॅट सेक्शन ठेवून त्यातून लांब स्क्रू बोर्ड भेदून स्टडमध्ये न्या. मग धातूचा संबंध फक्त स्क्रूपुरता राहतो. स्क्रूंमुळेही काही हानी होतेच, साधारण 5 ते 15 टक्के, पण झेडच्या मानाने ती सोसण्याजोगी आहे. स्टेनलेस स्टीलचे स्क्रू घेतले तर ती आणखी कमी होते, कारण स्टेनलेसची वाहकता साध्या स्टीलच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास असते. झेडच वापरायचे असतील तर दोन थर काटकोनात, म्हणजे एक आडवा आणि एक उभा, करावे लागतील, म्हणजे ते फक्त छेदनबिंदूंवर एकमेकांना टेकतील.

फ्रेमवाला_उद्यमनगर

पटण्यासारखे आहे, पण वजनाचा प्रश्न राहतो. 8 मिमी सिमेंट बोर्ड चौरस मीटरला 11-12 किलो भरतो. तो 50 मिमी लांब बाहेर आलेल्या स्क्रूंवर लोंबकळत राहील. काही वर्षांनी खाली सरकणार नाही का?

उष्मागणित

चौरस मीटरला चार स्क्रू धरले तर प्रत्येकावर जेमतेम तीन किलो येतात. मधला बोर्ड पुरेसा कठीण असेल तर तो दाब घेतो आणि स्क्रू वाकू देत नाही. मऊ, पॅकिंगच्या दर्जाचा थर्माकोल मात्र इथे अजिबात चालणार नाही. आच्छादन जड, म्हणजे दगडी टाइलसारखे असेल तर मी सांगितलेली पद्धत गणना केल्याशिवाय वापरू नये. वाऱ्याच्या ओढीसाठी स्क्रूंचे अंतर इंजिनिअरांनीच ठरवावे.

शिरोलीचा_फौंड्रीवाला

पावसाचे काय? आमच्या केबिनच्या पश्चिमेला जुलैत पाऊस आडवा मारतो. बोर्डामागे पाणी शिरले तर ते दिसणारही नाही आणि स्टड आतून गंजतील.

उष्मागणित

पाणी आत शिरणारच असे धरूनच रचना करायची. फ्रेमवर आधी जलरोधक पडदा, त्यावर बोर्ड, सांधे एकमेकांच्या रेषेत न येता आणि टेपने बंद, त्यावर टॉप हॅटमुळे मिळालेली 20 मिमीची पोकळी आणि मग आच्छादन. पोकळी खाली आणि वर उघडी ठेवायची, खाली उंदीर-मुंग्यांसाठी जाळी लावायची. खिडकीच्या वर पत्र्याचा फ्लॅशिंग पडद्याच्या आत खोचलेला हवा, बोर्डावर चिकटवलेला नव्हे. शाहूपुरीकर, आपल्या बाबतीत नवी फ्रेम जुन्या स्लॅबवर बसणार आहे. बोर्ड तिथेच न थांबवता स्लॅबची कड झाकून 200-300 मिमी खाली न्या, नाहीतर स्लॅबची उघडी कड त्या खोलीत उष्णता आणत राहील.

बाष्पाबद्दल एक खबरदारी. परदेशी थंड हवामानाच्या नकाशांत प्लास्टिकचा बाष्परोधक पडदा आतल्या बाजूला, जिप्समच्या मागे असतो. तो इथे उचलू नये. पावसाळ्यात आपल्या बाहेरच्या हवेचा दवबिंदू 20 अंशांच्या वर असतो. एसी 18 वर ठेवला तर जिप्समची मागची बाजू आणि स्टड त्याहून थंड होऊ शकतात, आणि बाहेरून झिरपणारी दमट हवा तिथे पाणी सोडते. आत प्लास्टिक असेल तर ते पाणी सुकायला वाट उरत नाही. म्हणून बाष्प आणि हवा बाहेरच्या बाजूला, टेप केलेल्या बोर्डापाशी अडवायची आणि आतली बाजू सुकायला मोकळी ठेवायची. याच कारणाने त्या भिंतीवर विनाइल वॉलपेपर लावू नये.

रुईकर_कॉलनी

थर्माकोल म्हटले की आगीची भीती वाटते. पोकळीत आग लागली तर ती सरळ वर चढत जाईल ना?

उष्मागणित

भीती रास्त आहे. 2017 साली लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये ज्वलनशील आच्छादन आणि त्यामागची पोकळी यांमुळे आग बाहेरून वर चढली आणि 72 जणांचा बळी गेला. आपली दोन मजली घरे तशी नाहीत, तरीही हवेची पोकळी ठेवायची असेल तर माझी पसंती रॉकवूलच्या दाट, पाणी न शोषणाऱ्या बोर्डाला आहे, कारण तो जळत नाही. थर्माकोल वापरायचाच असेल तर पोकळी न ठेवता त्यावर जाळी आणि पॉलिमर प्लास्टरचा थर द्यावा. त्यात पावसाच्या पाण्याला निथळायला जागा मात्र राहत नाही. रॉकवूल महाग पडते आणि 50 मिमीमध्ये तिचे आर मूल्य थर्माकोलइतकेच असते.

फ्रेमवाला_उद्यमनगर

इथे मी सहमत नाही. रॉकवूलचा बोर्ड कितीही दाट घेतला तरी थर्माकोल किंवा एक्सपीएस या फोमच्या बोर्डाइतका कठीण नसतो, त्यामुळे टॉप हॅट घट्ट आवळले की ते आत दबते आणि भिंत लाटांसारखी दिसते. आमचे कारागीर तरी त्यावर सरळ रेषा धरू शकणार नाहीत. जाळी आणि प्लास्टरवाली पद्धत सोपी, पण तिथे पहिल्या तडीतच पाणी आत जाते, हे मी पाहिले आहे.

शाहूपुरीकर

आमचे ठरत आले आहे. पश्चिम आणि दक्षिण भिंतींना 50 मिमी, बाकीच्यांना 25 मिमी, 90 मिमीचे स्टड तसेच, झेड नाहीत. रॉकवूल की थर्माकोल हे मात्र वास्तुविशारदांशी बोलूनच ठरवावे लागेल. एक शंका उरते. खिडकीच्या बाजूला दोन स्टड तोंडाला तोंड लावून पेटी करतात. तिच्या आत ग्लासवूल कशी भरणार?

फ्रेमवाला_उद्यमनगर

पेटी एकदा स्क्रूने बंद झाली की आत काही भरता येत नाही. म्हणून जोडणीच्या आधीच, वर्कशॉपमध्ये, त्यात ग्लासवूलची पट्टी ठेवायला सांगा. फ्रेम घरी आल्यावर हे सांगितले तर प्रत्येक जण मान हलवेल आणि कोणीही पेटी उघडणार नाही. वरच्या लिंटेलच्या पेटीलाही हेच लागू आहे.

उष्मागणित

आणि त्या पेटीवरून बाहेरचा बोर्ड खिडकीच्या चौकटीपर्यंत जाऊन टेकला आहे का, हे तपासा. कामगार तिथे 40-50 मिमीची मोकळी पट्टी सोडतात आणि ती फ्लॅशिंगखाली झाकून टाकतात. फौंड्रीवाल्यांच्या केबिनमध्ये दारापाशी गरम पट्टा दिसला त्यात जोडस्टडचा वाटा आहेच. बाहेरचा थर लावूनही असा पट्टा दिसला तर ही सुटलेली पट्टी शोधावी.